उत्तरेश्वर सरांची होम स्क्रीन

परंड्याच्या एसटी स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. स्क्रीन, बॅटरी, कव्हर, चार्जर, यातच दिवस जातो. अशात बुधवारी भर दुपारी उत्तरेश्वर सर आले, काउंटरवर आपला फोन ठेवला आणि फोनवर सहा इंची पट्टी ठेवली.

"शिवरंजनी, हे बघ. हा गोल. हाही गोल. आणि हे काय आहे?"

सर आम्हाला हायस्कूलला ड्रॉईंग शिकवायचे. आठवीत माझ्या माठाला त्यांनी शंभरात अकरा मार्क दिले होते, कारण डावी बाजू उजवीसारखी आली नव्हती. अहो, आमच्या घरचा माठच तसा होता! पण सरांना कोण सांगणार? आता ते रिटायर झालेत, अन् नवा फोन घेतल्यापासून आठवड्यात तिसऱ्यांदा माझं डोकं खायला आले होते.

"हे" म्हणजे शेवटच्या ओळीतला एक आयकॉन. बाकीचे सगळे काठोकाठ भरलेले गोल, आणि हा पांढऱ्या गोलात मधोमध बारकासा चौकोन, ताटात एकच वडी वाढल्यासारखा. चौकोनात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पेन्सिल.

"जुनं ॲप आहे सर," मी म्हटलं. "आताची ॲपं मागचा रंग वेगळा अन् चित्र वेगळं देतात, म्हणून फोनला त्यातून पाहिजे तो आकार कापता येतो. ह्यानं सगळं एकाच चित्रात दिलंय. मग फोन ते बारीक करून पांढऱ्या गोलात बसवतो. काढून टाकू का?"

"अजिबात न्हाय. निकितानं केलंय ते."

निकिता म्हणजे सरांची लेक, शाळेत माझ्या एक वर्ष मागं होती. डिप्लोमा करताना तिनं सरांच्या विद्यार्थ्यांसाठी चित्रांच्या सरावाचं ॲप बनवलं, 'रेषा' नावाचं. आयकॉन सरांनी स्वतः काढून दिला होता. ते ॲप स्टोअरवर कधी गेलंच नाही, त्यामुळं फोन बदलला की सर जुन्या फोनमधून फाईल आणून माझ्याकडून टाकून घेतात. पुढं निकितानं पुण्यात रजिस्टर लग्न केलं. सर गेले नाहीत. तेव्हापासून तीन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद, हे सगळ्या परंड्याला माहीत.

"रविवारी येतेय ती, मेसेज आलाय," सर पट्टीकडं बघत म्हणाले. "सकाळी येणार, संध्याकाळच्या गाडीनं परत. आली की आधी माझा फोन हातात घेते, लहानपणापासूनची खोड आहे. तिला सगळं नीट दिसायला पाहिजे."

एवढं ऐकल्यावर मी तरी काय करणार? बॅटरीवाल्या गिऱ्हाइकाला बसवलं आणि सरांच्या फोनवर दुसरा लाँचर टाकला, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं वेगळं ॲप. त्यात आयकॉनचे संच घालता येतात, आकार बदलता येतो.

पहिला संच लावला, चमकणाऱ्या रंगांचा. "परमिट रूम वाटतंय," सर म्हणाले. दुसऱ्यात नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. "हे पुसायचं राहिलंय का?" तिसरा सरांना पटला. फिकट रंगाचे गोल, सगळ्या रेषा एका जाडीच्या. त्यांनी पट्टीनं दोन मोजलेसुद्धा.

पण त्या संचात 'रेषा' नव्हतं. असणार कसं? संच बनवणाऱ्याला सरांची पोरगी थोडीच माहीत! जे ॲप संचात नसतं, त्याचं मूळ चित्र संच आपल्या साच्यात कापून बसवतो. गोल कापल्यावर चौकोनाचे चारी कोपरे उडाले, आणि कोपऱ्यात पोचणारी पेन्सिल दोन्हीकडून छाटली गेली.

"बिनटोकाची पेन्सिल! वर्गात आणली असती तर बाहेर उभं केलं असतं."

मग मी माझी हुशारी चालवली. आयकॉन दाबून धरला, बदलायचा पर्याय घेतला आणि संचातलीच नोट्सच्या ॲपची पेन्सिल त्याला लावली. टोकदार, गोलात नेटकी बसलेली. आयकॉनखालची नावं काही मराठी, काही इंग्रजी, काही अर्धी तुटून पुढं टिंबं आलेली. सर म्हणाले काढून टाक, म्हणून तीही सगळी काढली.

सरांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "आता बरं आहे," म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या कामाला पहिल्यांदा बरं म्हटलं त्यांनी. खरं सांगते, मला लई आनंद झाला.

रविवारी साडेतीनला सर धापा टाकत दुकानात शिरले. कधी बिनइस्त्रीच्या शर्टात न दिसणारा माणूस बनियनवर आला होता.

"चालली ती. चारच्या कुर्डुवाडी गाडीनं. संध्याकाळपर्यंत थांबणार होती."

"झालं काय?"

"फोन घेतला. वरखाली बघितलं. 'छान केलंय अप्पा, सगळं एकसारखं,' म्हणाली आणि पालथा ठेवला. जेवताना एक शब्द न्हाय. हात धुतले अन् बॅग उचलली."

चित्र मी बदललं, नाव मी पुसलं. तिला वाटलं, बापानं आपलं ॲपच काढून टाकलं. शिवरंजनी, काय ही अक्कल तुझी!

"सर, अहो, ते तिथंच आहे म्हणून सांगायचं तरी!"

"ती तोंड फिरवून बसली. अन् मला बोलता येत असतं तर तीन वर्षं गेली असती का?"

मी फोन ओढून घेतला. संच काढला, नावं परत आणली, 'रेषा'ला मूळ आयकॉन दिला. तो पुन्हा पांढऱ्या गोलात बारीक होऊन बसला. जुन्या आयकॉनना आकार द्यायचा पर्याय बंद केला, तेव्हा त्याचा पूर्ण चौकोन झाला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिल. पण आता बाकी सगळे गोल आणि हा एकटा चौकोनी. समोर गाडी लागली होती.

"सर, हा आता गोलात बसणार न्हाय."

"नको बसवू," सर म्हणाले. "बाकीच्यांना चौकोनी कर."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

आकाराच्या यादीत गोल होता, थेंब होता, गोल कोपऱ्यांचा चौकोन होता. सगळ्यात खाली साधा चौकोन. तो दाबला. कॅमेरा, फोन, गॅलरी, सगळे एका झटक्यात चौकोनी झाले. निवडणुकीच्या फ्लेक्सवरचे फोटो असतात तसं दिसायला लागलं.

सर तसेच बनियनवर रस्ता ओलांडून पळाले. दुकान उघडं टाकून मीही मागं. निकिता खिडकीशी बसली होती. सरांनी खिडकीतून फोन आत दिला.

तिनं बघितलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग तिनं बाकीचे आयकॉन बघितले, एकेक करून.

"अप्पा, किती घाण दिसतंय हे."

"दिसतंय खरं," सर म्हणाले.

"दुपारी होतं ते छान होतं."

"त्यात तुझं ओळखू येत नव्हतं." सर खिडकीचा गज धरून उभे राहिले. "लग्नाला यायला पाहिजे होतं मी, निकिता. चुकलं माझं."

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी थरथरली. मी जागच्या जागी ओरडले, "अहो थांबा की!" माझं कोण ऐकतंय.

निकितानं डोळे पुसले आणि मांडीवरची बॅग उचलून खिडकीतून बाहेर काढली.

"धरा अप्पा," ती म्हणाली. "उतरते मी."