एकशेचाळीस अंशांची ओळ

नार्सिसा चिंबोलेमा उष्माशास्त्राला तिसऱ्यांदा बसली होती. आमच्या विद्यापीठात एका विषयाला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम तुमच्यासाठी संपला, तिथे पुन्हा नाव घालता येत नाही. पहिल्या वेळी तिच्या आईचं ऑपरेशन झालं आणि ला मेर्सेद बाजारातला भाजलेल्या डुकराचा ठेला तिलाच सांभाळावा लागला. दुसऱ्या वेळी ती तीन दशांश गुणांनी नापास झाली. आमच्या रिओबांबा शहरात तीन दशांशांनी गेलेल्या पोरी पोत्यानं सापडतील, पण त्यानंतर कागदावर हिशेब मांडून "माझं नेमकं कुठे चुकतं" हे शोधणारी मी ही एकच पाहिली. तिचं गणित चुकत नव्हतं. तक्त्यातून आकडा उचलताना ती चुकत होती. घाईत वरची ओळ घ्यायची, नाहीतर शेजारचा रकाना.

विषय शिकवायचे इंजिनियर बाल्दिऑन. पुस्तकही त्यांचंच, आणि पुस्तकाच्या शेवटी वाफेचे तक्ते. हे पुस्तक विकत कुठेच मिळायचं नाही. फाटकासमोरच्या दुकानात झेरॉक्सची झेरॉक्स मिळायची, तिच्यात आठ आणि तीन जुळे भाऊ दिसायचे. बरी प्रत ग्रंथालयात एकच होती. नार्सिसानं त्या प्रतीचे तक्ते मोबाइलनं स्कॅन केले आणि मला म्हणाली, "मायते, याची आपण स्प्रेडशीट करू. तापमान टाकलं की आकडे आपोआप यायला हवेत. हातानं सोडवायचं आणि लगेच ताडून बघायचं. शंभर उदाहरणं केली की डोळा बसेल."

कल्पना तिची, मेहनत तिची. माझं काम पुस्तक हातात धरून बसायचं आणि विचारलं की आकडा वाचून दाखवायचा. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे या फाइलवर माझं नाव लागलं.

तीन शनिवार दुपारी आम्ही ग्रंथालयात बसलो. चित्रातून आकडे वाचणारा एक फुकट प्रोग्राम होता. त्यानं तक्ता रकान्यांत आणून ओतला खरा, पण काय विचारता. पुस्तकात दशांशाला स्वल्पविराम, तिच्या लॅपटॉपला हवा टिंब. त्यामुळे सगळे आकडे संगणकानं अक्षरं समजून डावीकडे चिकटवले. बेरीज मागितली की चूक दाखवायचा. तिनं एका झटक्यात सगळे स्वल्पविराम बदलून टिंबं केली. मग शून्याच्या जागी ओ, एकाच्या जागी एल, आणि पानाच्या घडीतला तर अख्खा रकानाच गायब. मी वैतागून म्हटलं की एवढ्या वेळात हातानं टाइप करून झालं असतं. ती म्हणाली, टाइप करतानाही चुकणारच, आणि ती चूक पकडणार कोण?

ती पकडायची युक्ती तिनं काढली होती. तक्त्यात प्रत्येक तापमानाला उष्णतेचे तीन आकडे असतात. पहिला उकळत्या पाण्यातली उष्णता, दुसरा त्या पाण्याची वाफ करायला लागणारी, तिसरा पूर्ण वाफेतली. पहिला अधिक दुसरा बरोबर तिसरा, हे झालंच पाहिजे. तिनं शेजारी एक जादा रकाना केला, पहिले दोन मिळवून तिसरा वजा करणारा. उत्तर शून्य, किंवा शेवटच्या दशांशात इकडेतिकडे, तर ठीक. त्याहून जास्त असेल तर खाना लाल. पहिल्यांदा चालवलं तेव्हा एक्केचाळीस खाने लाल झाले. ती लाल खाना वाचायची, मी पुस्तकात बघून खरा आकडा सांगायची, ती दुरुस्त करायची. लाल विझला की पुढचा.

तिसऱ्या शनिवारी शेवटचे चार-पाच राहिले होते. मी मोबाइलवर होते. तेव्हा माझं आणि माझ्या बॉयफ्रेंडचं, फ्रेदीचं, भांडण चाललं होतं, आणि असल्या भांडणात माणूस वाफेकडे बघत नाही. नार्सिसानं विचारलं, "एकशेचाळीस अंशांना मधला आकडा काय आहे गं? माझ्याकडे दोन हजार एकशे चौदा पॉइंट तीन आलाय. फरक बरोबर तीसचा पडतोय."

मी वर न बघता विचारलं, "तुझी वजाबाकी काय म्हणते?"

"चव्वेचाळीस पॉइंट तीन."

"मग तेच असणार. चाराचा एक वाचला असेल त्यानं."

प्रोग्रामनं तसं दहादा केलंच होतं. तिनं २१४४.३ घातला, लाल विझला. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. मान खाली घालायची तेवढी तसदी मी घेतली नाही.

फाइल झाली मात्र झकास. तापमान आणि शंभरात वाफ किती ते टाकायचं, सूत्र ओळ शोधून उत्तर द्यायचं. एकशे त्रेचाळीससारखं मधलंच तापमान असेल तर खालची आणि वरची अशा दोन ओळी घेऊन त्यांच्यामधला प्रमाणशीर आकडा काढायचं. नार्सिसानं शंभर नाही, दोनशे उदाहरणं केली. शेवटच्या आठवड्यात तिचं एकही चुकलं नाही.

आम्ही दोघी एकाच वर्गात, आणि परीक्षेला तक्ते न्यायची मुभा होती. तिनं आपल्या फाइलची छापील पानं आणली. मी तीही आणली आणि पुस्तकाची झेरॉक्सही, कारण माझा कोणावरच विश्वास नसतो. तिसरा प्रश्न एका गुणाचा होता: एकशेचाळीस अंश, शंभरात नव्वद भाग वाफ, एकूण उष्णता काढा, पुस्तकातले तक्ते वापरा. उत्तराला एकच चौकट, शेकडा एकपर्यंतची चूक माफ. मी झेरॉक्सवरून आकडा उचलला, सवयीनं छापील पानाशी ताडला आणि थबकले. झेरॉक्समध्ये २११४,३ स्वच्छ दिसत होतं. मी बेरीज केली. जुळेना. वरचा-खालचा आकडा बघितला, तेव्हा दिसलं की पुस्तकच चुकलंय. प्रोग्रामनं बिचाऱ्यानं बरोबर वाचलं होतं. नार्सिसाची ओळ खरी होती आणि साहेबांची खोटी.

पुस्तकाप्रमाणे उत्तर २४९२.१ येत होतं, खऱ्या आकड्यानं २५१९.१. फरक सत्तावीसचा, माफीच्या थोडासाच बाहेर. मी २४९२.१ लिहिलं. गुण बाल्दिऑन देतात, वाफ देत नाही. नार्सिसा माझ्यापुढे दोन रांगा सोडून बसली होती. मला तिची वेणी दिसत होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, तिसऱ्याचं पंचवीसशे एकोणीस आलं ना? मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

दहापैकी सात लागतात पास व्हायला. मला सात पूर्णांक दोन मिळाले. तिला सहा पूर्णांक चार.

तिनं फेरतपासणीचा अर्ज केला आणि साहेबांच्या खोलीत जाताना मला सोबत नेलं. फाइल आपण किती काळजीनं तपासली ते तू सांग, म्हणाली. मी गेले. न जाण्याइतकी हिंमतही माझ्यात नव्हती.

तिनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. ग्रंथालयातलं पुस्तक आदल्या दिवशीच पाहून आली होती, तेव्हा चूक कुठे आहे ते तिला कळलं होतं. पुस्तकातला आकडा तिनं साहेबांसमोर फाइलमध्ये टाकला. रकान्यातली सगळी शून्यं तशीच राहिली आणि एकच खाना लाल झाला. तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाल्दिऑननी खिशातून कॅल्क्युलेटर काढला, बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. मग म्हणाले, छपाईतली चूक दिसते. अकरा वर्षं हे पुस्तक चालतंय, कोणी बोललं नाही.

"मग माझा गुण द्या साहेब."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, उलट समजुतीनंच बोलत होते. वर्गात सव्वीस जण. तेवीस जणांनी पुस्तकाप्रमाणे लिहिलंय. तुला दिला तर त्यांचा काढावा लागेल, त्यातले किती पडतील विचार कर. दोन्ही उत्तरं धरायची म्हटलं तर पुस्तक चुकलं असं समितीला लेखी द्यावं लागेल. आणि प्रश्नात पुस्तकातले तक्ते असं स्पष्ट लिहिलंय.

मग ते माझ्याकडे वळले. "तूही याच फाइलवरून अभ्यास केलास ना? परीक्षेत आकडा कुठला घेतलास?"

"पुस्तकातला."

"का?"

मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, दोन्ही माझ्यासमोर होते, पुस्तक चुकलंय हे मला तिथेच कळलं, आणि तुम्ही चुकीलाच गुण द्याल हेही कळलं. असं वर्गातलीच दुसरी मुलगी सांगते म्हटल्यावर त्यांना समितीकडे जाणं भाग पडलं असतं. आणि माझे सातावर दोनच दशांश होते. एक गुण गेला असता तर मी सहा पूर्णांक दोनवर आले असते.

"प्रश्नात पुस्तकातला घ्या असं लिहिलं होतं, साहेब," मी म्हटलं.

"बघ," ते नार्सिसाला म्हणाले. "तुझ्या मैत्रिणीनं प्रश्न नीट वाचला."

नार्सिसानं माझ्याकडे पाहिलं. दोन्ही आकडे परीक्षेत माझ्या हातात होते हे तिला त्या क्षणी उमगलं. तिनं लॅपटॉप मिटला आणि साहेबांना नमस्कार करून निघाली. जिन्यात मी तिला हाक मारली नाही.

पुढच्या सत्रात बाल्दिऑननी माझ्याकडे ती फाइल मागितली. मुलांना उजळणीला बरी पडेल, म्हणाले. मी दिली. कोणाची आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला त्यांनी मदतनीस नेमलं. वर्षाअखेर पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. सगळे तक्ते फाइलवरून छापलेले, एकशेचाळीसच्या ओळीत २१४४,३. प्रस्तावनेत "तक्ते बारकाईनं तपासल्याबद्दल" म्हणून माझे आभार आहेत, आडनावासकट.

ते पुस्तक घेऊन मी बाजारात गेले. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं. नार्सिसा ठेल्यावर मांस तोडत होती, पुढे पाच-सहा गिऱ्हाईकं. मी पुस्तक फळीवर ठेवलं. तिनं हात पुसले, नेमकं पान काढलं, पहिल्या दोन आकड्यांवरून बोट फिरवत मनात बेरीज केली आणि तिसऱ्यावर थांबली.

"जुळतंय," म्हणाली.

मग तिनं पहिलं पान उघडलं, प्रस्तावना वाचली आणि पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"तुम्हाला काय देऊ?" तिनं विचारलं. सात वर्षांच्या मैत्रीत ती मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाली.