सर्जेरावांची लाल चौकट

"जगात काम कधीच अडत नसतं, अडतो तो माणूस. आणि आपल्या कंपनीत माणूस अडणार नाही!" शनिवारी सकाळी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीकडे हात करत इंद्रजीत सरांनी जाहीर केलं. टीव्ही काळाच राहिला. त्याचा प्लग काढून कुणीतरी चहाची किटली लावली होती.

किटली हटली आणि टीव्हीवर अपेक्षाचा कामांचा फळा उजळला. अपेक्षा मूळची अमरावतीची. धायरीतल्या या नऊ माणसांच्या कंपनीत ॲप स्टोअरपर्यंत पोचवायची जबाबदारी तिची. या वेळचं ॲप शाळेची बस कुठे आहे ते पालकांना दाखवणारं. फळ्यावर एकेका कामाची चौकट आणि चौकटीतून चौकटीत बाण: ॲपची तयार प्रत म्हणजे बिल्ड चढवणं, चाचणी, तपासणाऱ्यांसाठी नमुना लॉगिन, स्क्रीनशॉट, मग सादर करणं, तपासणी आणि शेवटी प्रसिद्धी. मागची चौकट हिरवी झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही, हा तिचा नियम.

अँड्रॉइडचं शुक्रवारीच मंजूर झालं होतं. आयफोनचं राहिलं होतं. जुना सर्व्हर सोमवारी पहाटे पाचला कायमचा बंद होणार होता, आणि त्याच्याबरोबर जुनी आवृत्तीही. नवी तोवर आली नाही तर सव्वासहाला तीनशे पालक पोरांना घेऊन रस्त्यात उभे आणि बसचा पत्ता नाही. मुख्याध्यापिकांना तारीख अपेक्षानं लेखी दिली होती.

दुपारी एकला सादर करण्याआधीच्या सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या. तिनं 'सादर करा' दाबलं. काही हललं नाही. वर ओळ आली: नवा करार आलाय, खातेदारानं तो मान्य करावा.

"खातेदार कोण, सर?"

इंद्रजीत सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आप्पा."

सरांच्या घराण्यात जमीन, ट्रॅक्टर, विजेचं मीटर, सगळं वडिलांच्या नावावर. त्याच ओघात ॲपलचं खातंही आप्पांच्या, म्हणजे सर्जेरावांच्या नावानं निघालं होतं. संमती फक्त त्यांचीच चालणार, आणि ओटीपीचा संकेतांक त्यांच्याच फोनवर येणार.

कंपनी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर; सर्जेराव खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वर आले आणि म्हणाले, "वाचल्याबिगर मी व्हय म्हनत न्हाय. एकदा बिल्डरच्या कागदावर म्हनलं, ते आजतागायत भोगतोय. वाच पोरी, मराठीतून."

अपेक्षा वाचू लागली. दोन वाजले. अडीच. तपासणीला कधी काही तास लागतात, कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त, आणि ते कुणाच्याच हातात नसतं.

"थांब. 'करार रद्द करण्याचा अधिकार' म्हंजी कुणाचा?"

"त्यांचाही, तुमचाही, आप्पा."

"बरं. पुढं."

सव्वातीनला अपेक्षाचा आवाज बसला. सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता. ती उठली, फळ्यावर नवी चौकट काढली, आत 'सर्जेराव' लिहिलं, लाल रंग दिला आणि तिच्यातून 'सादर करणं'कडे बाण ओढला.

"हे काय?" सर्जेरावांनी विचारलं.

"ही चौकट मी आधी टाकायलाच हवी होती, चूक माझी. ही लाल आहे तोवर पुढचं काहीच उघडत नाही."

सर्जेराव बाणांच्या मागं बोट फिरवत उभे राहिले. "हे तर पाटाचं आवर्तन हाय. वरचं दार उघडल्याबिगर खालच्या रानाला थेंब न्हाय." मग हळूच विचारलं, "आनि खाली कोन हाय?"

"सोमवारी बसची वाट बघणारी पोरं."

"म्हंजी दार मी धरून बसलोय व्हय? खडकवासल्याच्या पान्यासाठी मी अशांनाच शिव्या घालत आलो जन्मभर." त्यांनी फोन पुढं केला. "किती पानं ऱ्हायली?"

"अकरा."

"ती भराभर वाच. पन वाच!"

चार वाजून दहा मिनिटांनी संमती गेली. अपेक्षानं सादर केलं. 'मंजूर होताच आपोआप प्रसिद्ध' ही खूण तिनं दोनदा तपासली.

रविवार तिनं मोबाइलकडे बघण्यात घालवला. सकाळी 'तपासणीच्या प्रतीक्षेत'. दुपारी तेच. इंद्रजीत सरांचा मेसेज आला: काही अडलंय का? तिनं 'प्रतीक्षेत'चा स्क्रीनशॉट पाठवून दिला. साडेचारला 'तपासणी सुरू' झालं. पावणेसहाला 'मंजूर'. सातला स्टोअरवर नवी आवृत्ती दिसली. तिनं शाळेमार्फत पालकांना ती उतरवायला कळवलं, स्वतःच्या फोनवर उतरवून चाचणीच्या बसचं निळं टिंब हलताना पाहिलं आणि मगच जेवली.

सोमवारी सव्वासहाला बस वळणावर आली आणि पालक आधीच तिथं हजर. तक्रार एकही नाही.

दहाला सर्जेराव वर आले, अपेक्षाच्या पाठीशी उभं राहून फळा बघू लागले. सगळं हिरवं होतं.

"पोरी, येक सांगू?"

"सांगा ना, आप्पा."

"नुस्तं 'सर्जेराव' लिवलंयस. येनारं-जानारं बघतं. म्होरं 'श्री.' तेवढं लाव."