शेजारी उभा असलेला

स्वरूपा पहिल्यांदा म्हणाली तेव्हा कौसल्या ओट्यापाशी भाकरी थापत होती. "आई, तुझ्याशेजारी कुणीतरी उभं हाय. फिकट." कौसल्येच्या हातातली भाकरी मोडली. थोरला दिग्विजय आदल्या साली कालव्यात बुडाला होता. आलाय पोरगा, तिनं मनाशी ताडलं.

तेव्हापासून कळस गावातल्या त्या घरात दिवेलागणीला एकच खेळ. कौसल्या बल्बखाली उभी राहायची अन् पंधरा वर्षांच्या लेकीला म्हणायची, "डोळं चोळ चांगलं. आता बघ. हाय का?"

"हाय."

कौसल्येचा जीव भांड्यात पडायचा. तिला शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये. गेलेल्या लेकराची ओढ शहाण्यालाही वेडं करते.

पण तो सरकायला लागला. "पयल्यापेक्षा लांब गेलाय," एकदा स्वरूपा म्हणाली, तशी कौसल्येनं तिला आणखी डोळे चोळायला लावले. पोरीला फळा दिसेना. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी अक्षरांना शेपट्या फुटलेल्याच. शेवटी चष्मेवाल्यानं हात टेकले अन् बारामतीला पाठवलं.

तिथल्या डोळ्यांच्या डॉ. विजयमालांनी स्वरूपाचा डावा डोळा झाकला. "काय दिसतं?"

"आई. अन् शेजारी तो."

त्यांनी उजव्या डोळ्यापुढं बारीक भोकांची काळी पट्टी धरली. "आता?"

स्वरूपानं भोकांतून निरखून पाहिलं. "गेला," ती हळूच म्हणाली. पट्टी काढली. "आला."

कौसल्येनं चटकन आपल्या शेजारी बघितलं.

मशीननं डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा खालच्या बाजूला पातळ होऊन पुढं फुगला होता. नकाशात तिथं लालभडक डाग. "केराटोकोनस. डाव्यातही सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पडदा वाकडा झाला की एकाची दोन माणसं दिसतात. ती सावली तुमचीच आहे, ताई. ही डोळे चोळते का?"

स्वरूपानं आईकडं पाहिलं.

"मीच चोळायला लावायचे," कौसल्या म्हणाली. "चोळल्यानं बिघडतं व्हय?"

"वाढतं. क्रॉस-लिंकिंग करू. डोळा बधिर करून वरची पातळ साय काढायची, जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालायचे, वर अतिनील प्रकाश सोडायचा. पडद्याचे धागे एकमेकांत घट्ट होतात. पडद्याला अजून तेवढी जाडी आहे, पण उशीर नको."

"मग तो जाईल?" कौसल्येच्या तोंडून निघालं.

"नाही. हे वाढ थांबवण्यासाठी आहे. गेलेली नजर भरून येईल असं नाही. स्पष्ट दिसायला नंतर डोळ्यात कडक लेन्स घालावी लागेल."

कौसल्येला हायसं वाटलं, अन् त्या हायसं वाटण्याची तिला स्वतःलाच किळस आली. तिनं होकार दिला. उपचारानंतर काही दिवस पोर कण्हत, डोळे मिटून अंधाऱ्या खोलीत पडली. कौसल्या उशाशी बसून राहिली, पण तो आहे का म्हणून एकदाही विचारलं नाही.

काही महिन्यांनी नकाशा पुन्हा काढला. फुगवटा वाढला नव्हता. मग लेन्स आली. ती घालून स्वरूपानं डोळे उघडले अन् आईकडं कितीतरी वेळ पाहत राहिली.

"आई, तू एकटीच हायस."

कौसल्येनं शेजारी हात नेला. तिथं नुसती हवा होती.

"व्हय बाळा," ती म्हणाली. "तो गेलाय."