आभाळातले तेवीस रोहित

राजूरच्या बाजारपेठेत अजिनाथचा फोटो स्टुडिओ होता, आणि रिकामं आभाळ दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. लग्न ठरलेली जोडपी फोटोला भंडारदऱ्याला यायची, नटूनथटून यायची, पण आभाळ बिचारं पांढरंफटक. मग अजिनाथ कॉम्प्युटरवर बसून त्यात फुगे उडवायचा, पतंग सोडायचा. गिऱ्हाईक खूश.

खूश नसायचे ते एकटे शामकांत गुरुजी. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी मास्तरकी सुटली नव्हती. स्टुडिओत लावलेला एक फोटो बघून ते म्हणाले, "अजिनाथ, हे फुगे डोंगराच्या पलीकडे ना? मग एकेक फुगा तुझ्या दुकानापेक्षा मोठा झाला की रे! लांबचं बारीक दिसतं आणि फिकं दिसतं. चौथीत काय शिकवलं होतं मी?"

दुकानातले सगळे खो खो हसले. अजिनाथही हसला, पण मनात धरून बसला. उभ्या बाजाराची टोपी उडवणारा माणूस तो. त्याचीच उडाली म्हणजे काय?

गुरुजी दर हिवाळ्यात धरणाच्या काठावर पक्षी मोजायचे. अकोले गावच्या रोहिणी मॅडम तालुक्यातले सगळे आकडे गोळा करायच्या. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गुरुजी पहिल्यांदाच गेले, मोबाईलवर पाण्याचा एक फोटो काढला आणि फाईलला लावायला मोठा करून दे म्हणाले. आभाळ कोरं करकरीत.

अजिनाथला गुदगुल्याच झाल्या. यावेळी त्यानं गुरुजींचाच धडा गिरवला. पाण्यात एक होडी होती. होडी पंधरा फुटी, स्क्रीनवर नव्वद ठिपके. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पंख पसरून पाच फूट, म्हणजे होडीच्या जवळ असता तर तीस ठिपके. दुप्पट लांब, तर पंधरा. पुढचे पंधराचे ठेवले, मागचे आणखी बारके. डोंगर धुक्यानं निळसर दिसत होता, तोच निळेपणा पाखरांवर चढवला, कडा जरा पुसट केल्या. ऊन डावीकडून, तर पाखरांवरही डावीकडूनच. एकाचे पंख वर, एकाचे खाली, रांग थोडी वाकडी. तेवीस झाले.

"आता काढा म्हनावं चूक!"

गुरुजींनी फोटो घेतला. बराच वेळ बघितला. चष्मा काढून पुसला, परत बघितला, आणि फोटो पिशवीत घालून निघून गेले. अजिनाथ चार दिवस एकटाच हसत होता. आज येतील, उद्या येतील, कान धरतील, मग सांगू.

पाचव्या दिवशी होडीवाला छगन आला. "आरं, तुला कळलं का? गुरुजींनी फोटोवरनं तेवीसचा आकडा रोहिनी मॅडमला कळवला अन् दुर्बीनबी देऊन टाकली. मोजायचं बंद. म्हनले, डोळ्यांसमोरून तेवीस रोहित गेले अन् मला न्हाई दिसले. आता माझ्या आकड्याला काय अर्थ?"

छगन हसत होता. अजिनाथला हसू येईना.

लॅपटॉप बगलेत मारून तो गुरुजींच्या घरी गेला. ओसरीवर गुरुजी बसले होते. पुढ्यात तो फोटो, पट्टी, आणि मोजणीची वही.

"बस. मला वाटलं, तुझाच काही चावटपणा असेल," गुरुजी म्हणाले. "मोबाईलवर एवढं बारीक मला दिसत नाही, म्हणून पट्टी लावून पाहिली. होडीच्या मानानं माप चोख बसलं. तुला कुठलं एवढं जमायला!"

अजिनाथनं लॅपटॉप उघडला. तोंडानं सांगायची हिंमत होईना. एक बटण दाबलं. तेवीसच्या तेवीस पाखरं गेली.

गुरुजींनी चष्मा सारखा केला. मग स्क्रीनच्या अगदी जवळ गेले.

"आणि माझी घार? वहीत लिहिलंय. घार, एक. फोटोत नव्हती, म्हणून तर माझा स्वतःवरचा भरवसाच उडाला. जी पाहिली ती नाही, जे आहेत ते पाहिले नाहीत."

अजिनाथला आठवलं. डोंगराच्या वर एक काळा ठिपका होता. लेन्सवरची धूळ समजून त्यानं तो पुसला होता. त्यानं गुरुजींचा मूळ फोटो उघडला. ठिपका तिथंच होता. मोठा केला, तर पंख.

"गुरुजी, चुकलो. पाया पडतो."

"पाया नको पडू. फोन लाव."

रोहिणी मॅडमचा आवाज ओसरीभर ऐकू आला. अजिनाथनं अडखळत सगळं सांगितलं. आजवर एवढ्या थापा मारल्या, कधी जीभ अडली नव्हती.

"म्हणजे गुरुजींची नजर ठीक आहे!" त्या म्हणाल्या. "दुर्बीण मी उद्याच आणून देते. पण अहो, तो तेवीसचा आकडा मी पुण्याच्या ऑफिसला पाठवलाय. आता खोडायचा तर कारण लिहावं लागेल. काय लिहू? गुरुजींची चूक?"

"न्हाई, न्हाई! माझं नाव लिवा. मी घातली पाखरं."

"पूर्ण नाव सांगा."

अजिनाथ कधी उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. हात बांधून, मान खाली घालून त्यानं आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव सांगितलं. गुरुजींनी वही ओढून घेतली आणि घारीपुढचा 'एक' परत एकदा गिरवला.