तक्रारीतला बारावा परिच्छेद

बारावा परिच्छेद काढून टाका, असं वकीलबाईंनी तिला एकदा नव्हे, दोनदा सांगितलं होतं. तिने दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि दोन्ही वेळा स्वतःचंच खरं केलं. स्वभावच तसा. वडिलांनी तिला बूट शिवायला शिकवलं तेव्हाही उसवायला कधी सांगितलं की तिचं तोंड फुगायचं.

दुकान वडिलांचं, नावही त्यांच्याच आडनावाचं. बिघडलेल्या पायांसाठी मापाचे बूट करणारं ते एक लहानसं, अंधारलेलं दुकान होतं. भिंतीला लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं. मधुमेहाने बधिर झालेले पाय, आखूड पाय, बोटं गेलेले पाय, सगळे तिच्याकडे यायचे. डॉक्टर चिठ्ठीवर औषधांच्या खाली दुकानाचं नाव लिहून द्यायचे, आणि या नावाचा ट्रेडमार्क तिने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या नावावर घेतला होता.

मग वर्षभरापूर्वी एक म्हातारे मास्तर काठी टेकत आले आणि त्यांनी पिशवीतून एक जोड काढून तिच्या समोर आपटला. "हे तुमचे बूट?" त्यांच्या टाचेजवळ जखम चिघळलेली. बूट तिचे नव्हतेच. कारखान्यातून सरसकट निघालेला तो माल. मास्तरांच्या मुलीने इंटरनेटवर दुकानाचं नाव टाकून वेबसाइट उघडली होती, पायाची आकृती कागदावर काढून पाठवली होती आणि आठवड्यात हे घरी आलं होतं. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दुकानाच्याच नावाचा होता, तिच्याच साच्यांचे फोटो होते आणि खाली 'विकत घ्या' असं बटण होतं.

नंतर तसे आणखी तिघे आले. मग एका डॉक्टरांनी फोन केला. "ताई, मला पेशंट तुमच्याकडे पाठवायची भीती वाटायला लागलीय. तीन महिन्यांत हे निस्तरा, नाहीतर मी चिठ्ठीवर नाव लिहिणं बंद करतो." ओरडले नाहीत, त्यामुळे तिला जास्त लागलं. चिठ्ठीवरचं नाव गेलं की दुकानाला कुलूप लावायचं, एवढा सरळ हिशेब होता.

ते डोमेन पूर्वी तिचंच होतं. म्हणजे दुकानाचंच. थोरल्या भावाने ते घेतलं होतं, वेबसाइट त्यानेच उभी केली होती, खातं त्याच्या मेलवर होतं. चार वर्षांपूर्वी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्याला अर्धे साचे यंत्रावर करून घ्यायचे होते, हिला एकही नको होता. तो चालता झाला तेव्हा हिने पाठीमागून ओरडून सांगितलं, "यापुढे दुकानाच्या कशालाही हात लावायचा नाही!" त्यानंतर कधीतरी डोमेनची मुदत संपली, कोणी ती वाढवली नाही, आणि नाव सुटलं ते दुसऱ्याने उचललं.

तिला पहिल्या दिवसापासून खात्री होती की हे काम दादाचंच.

"खात्री म्हणजे पुरावा नाही, ताई," वकीलबाई म्हणाल्या होत्या. बाई अशीच प्रकरणं चालवायच्या. टेबलावर फायलींचा ढीग, चहा नेहमी निवलेला. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि सगळं त्या जांभई आवरून समजावून सांगायच्या. "हे कोर्ट नाही, डोमेनचे तंटे सोडवणारं लवादासारखं केंद्र आहे. इथे सगळं कागदावर चालतं, मेलने. तीन गोष्टी दाखवायच्या. एक, डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखंच आहे. दोन, समोरच्याला त्या नावावर स्वतःचा काही हक्क नाही. तीन, त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वापरलंही. तिन्ही लागतात. पहिल्या दोन आपल्या खिशात आहेत. घोडं अडतंय तिसऱ्यावर."

तक्रार दाखल केली तेव्हा समोरचा माणूस कोण हेच माहीत नव्हतं. नोंदणीवर मालकाचं नाव झाकणाऱ्या एका गोपनीयता सेवेचं नाव होतं. तक्रारी घेणाऱ्या केंद्राने नोंदणी कंपनीला विचारलं, त्या कंपनीने डोमेनला कुलूप लावलं आणि पडद्यामागचं नाव कळवलं. दादाचं नाव नव्हतंच. दुसऱ्या शहरातली तयार बुटांची एक कंपनी निघाली. तक्रारीत सुधारणा करायला पाच दिवस मिळाले.

तेव्हा वकीलबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, बारावा परिच्छेद काढा. त्यात लिहिलं होतं की दुकान सोडून गेलेल्या भावानेच सूडापोटी हे केलं असावं. तिने काढला नाहीच, वर एक ओळ वाढवली. भावानेच हे नाव त्या कंपनीला विकलं, अशी.

"काढाच तो," वकीलबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं. "तक्रारीतलं सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, अशी खाली सही करताय तुम्ही."

"माझ्या माहितीप्रमाणे खरंच आहे ते."

वकीलबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मेल पाठवली. थकलेल्या माणसाशी वाद घालण्याइतकी ताकद दुसऱ्या थकलेल्या माणसात नसते.

उत्तरासाठीच्या वीस दिवसांच्या मुदतीतल्या विसाव्या दिवशी बुटांच्या कंपनीचं उत्तर आलं. वकीलबाईंनी ते छापून तिच्यापुढे ठेवलं. कंपनी म्हणत होती की हे तर एक साधं आडनाव, हजारो लोकांचं. या दुकानाबद्दल आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. आणि तक्रारदार स्वतःच बाराव्या परिच्छेदात सांगते की हा भावाबहिणीचा वाद आहे. घरची भांडणं सोडवायला ही प्रक्रिया नाही, तेव्हा तक्रार फेटाळावी.

तिने तो भाग पुन्हा वाचला. तिचीच वाक्यं, अवतरणचिन्हांत घालून तिच्याच अंगावर फेकलेली.

"आता?"

"आता पंच नेमलेत. एकटेच आहेत, निवृत्त वकील. त्यांनी आदेश काढलाय." वकीलबाईंनी दुसरा कागद सरकवला. "भावाचा या नोंदणीशी संबंध काय, हे पाच दिवसांत पुराव्यासह स्पष्ट करा. बहुतेकदा ते जादा कागद मागतही नाहीत, असलेल्या कागदांवर निकाल देतात. ही संधी समजा. पण ते भावालाच विचारावं लागेल."

भावालाच विचारायचं हे तिच्या अगदी जिवावर आलं. दोन दिवस तिने नुसते साचे पुसले. तिसऱ्या दिवशी मास्तर नवे बूट न्यायला आले, यावेळी खरे, तिने केलेले. चार पावलं चालून म्हणाले, "हे तुमचेच." ती दुकान बंद करून निघाली.

दादा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झाले होते, आणि पायात घरी शिवलेल्या सपाता होत्या. वहिनीने पाणी आणून ठेवलं आणि ती आत गेली.

"दुकानाचं डोमेन," ती म्हणाली. तिने पर्समधून तक्रारीची प्रत काढली आणि त्याच्या हातात दिली. बारावा परिच्छेद त्याने वाचला. दोनदा वाचला असावा, कारण फार वेळ लागला.

"छोटे, मी तुला पाकिटं पाठवली होती."

"कसली?"

"तीन. मुदत संपतेय म्हणून मेल यायच्या मला. तू म्हणाली होतीस कशाला हात लावू नकोस, म्हणून मी लावला नाही. छापून पोस्टाने पाठवल्या. तिसऱ्यात त्या कंपनीची मेलही होती." त्याने प्रत खाली ठेवली. "तू उघडलीच नाहीस ना?"

नव्हती उघडली. त्याचं अक्षर ओळखून, वाटणीची नोटीस असणार म्हणून, तिने ती साच्यांखालच्या खणात टाकली होती. चुलीत घालायचीही हिंमत नव्हती, वाचायचीही नव्हती. तिने नाही म्हणून मान हलवली.

"मूळ मेल आहेत माझ्याकडे," दादा म्हणाला. "मी लिहून देतो काय ते. कोणासमोर सही करायची?"

"तू रागावला नाहीस?"

"रागावलोय की. सही वेगळी, राग वेगळा."

दुकानात परत येऊन तिने खण उपसला. पाकिटं तळाशी, चामड्याच्या तुकड्यांखाली पडली होती. पोस्टाचे शिक्के शाबूत होते. पहिल्या दोन पाकिटांत मुदतीच्या सूचना निघाल्या. तिसऱ्यात त्याच कंपनीची मेल होती, डोमेन सुटण्याच्या दोन महिने आधीची. बाजारात या दुकानाचं नाव चांगलं आहे, डॉक्टर याच नावाने गिऱ्हाइकं पाठवतात, हे डोमेन आम्हाला विकता का? खाली दादाचं उत्तर होतं, दोनच ओळींचं. 'नाव माझ्या बहिणीचं आहे, ट्रेडमार्क तिच्या नावावर आहे. विकणारा मी कोण? तिला विचारा.'

ती खणाजवळच, फरशीवर बसून राहिली. चार वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने नाव तिच्याच पदरात टाकलं होतं, आणि कागद तिच्याच दुकानात, तिच्याच पायाखाली पडून होता. तिला रडू आलं. रडायचाही कंटाळा आला होता, तरी आलं.

वकीलबाईंनी मेल वाचली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्या चहा गरम असताना प्यायल्या. "दुकानाबद्दल कधी ऐकलं नव्हतं म्हणे! ट्रेडमार्क आहे हे लेखी कळवल्यावर नाव उचललंय. ताई, मुदत संपली म्हणून कोणाला वाईट हेतूची मुभा मिळत नाही." दादाचं निवेदन, मूळ मेल, पाकिटांचे फोटो असं सगळं पाठवलं गेलं. बारावा परिच्छेद मागे घेत असल्याचं तिने स्वतः लिहिलं, आणि तो चुकीचा होता, हेही.

दोन आठवड्यांनी निकाल आला. तिन्ही गोष्टी सिद्ध. डोमेन तक्रारदाराकडे हस्तांतरित करावं. दादाच्या दोन ओळी पंचांनी जशाच्या तशा उद्धृत केल्या होत्या.

"आता दहा कामाचे दिवस थांबायचं. त्यांनी कोर्टात दावा लावला नाही, तर नाव तुमचं," वकीलबाई म्हणाल्या. मग जरा अडखळल्या. "आणखी एक. हे निकाल केंद्राच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला ठेवतात. पूर्ण."

तिने पानं उलटली. तिसऱ्या पानावर होतंच. 'तक्रारदाराने प्रथम असा आरोप केला की तिच्या भावाने सूडापोटी हे नाव विकलं. हा आरोप तिने नंतर मागे घेतला.'

"एवढं काढता नाही येणार?"

"नाही."

दोनदा सांगितलं होतं, असं वकीलबाई म्हणाल्या नाहीत. तेवढी माया त्यांच्यात शिल्लक होती.

कंपनीने दावा लावला नाही. अकराव्या कामाच्या दिवशी तिने नाव परत मिळाल्याचं डॉक्टरांना फोनवर कळवलं आणि मग दादाला बोलावलं. तो चार वर्षांनी दुकानात आला, साच्यांकडे बघत उभा राहिला. तिने निकाल आधी त्याच्या हातात दिला, तिसरं पान वर ठेवून. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं. त्याने ते पान वाचलं, पुढचं वाचलं, आपल्या दोन ओळींशी थांबला.

"दोन्ही छापलंय म्हणजे," तो म्हणाला.

"हो. कायमचं."

नोंदणी कंपनीचा फॉर्म समोर उघडा होता. मालकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव भरलं होतं. खाली एक रकाना रिकामा होता, मुदतीच्या सूचना कोणत्या मेलवर पाठवायच्या हा. ती कीबोर्डवर हात ठेवून बसली.

"दादा, तुझा मेल तोच आहे अजून?"

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

"तोच आहे," तो म्हणाला. "पण यावेळी पाकीट पाठवलं तर उघड."