ताण सोडायची सही

"अजून एकदा ओळंबा लावून बघा," हे म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. सकाळपासून तिसऱ्यांदा! ओळंबा तरी किती वेळा तेच ते सांगणार?

शेडचा पहिला गाळा उभा होता. दोन चौकटी, मधे त्यांना जोडणारे छताचे आडवे वासे, म्हणजे पर्लिन, छतात आणि बाजूच्या भिंतींत ब्रेसिंगच्या, म्हणजे चौकटी कायमच्या ताठ धरणाऱ्या सळ्यांच्या फुल्या. पण चौकटी उभ्या करताना तोल सांभाळायला बांधलेले तात्पुरते ताण, म्हणजे जमिनीपर्यंत आलेले तारेचे दोर, अजून तसेच होते. तिसऱ्या चौकटीसाठी क्रेन जिथे लावायची, नेमके तिथूनच ते जात होते. ते सोडायची सही उभारणीप्रमुखाची. उभारणीप्रमुख म्हणजे माझा नवरा. साइट इंजिनिअर मी. झालं ना सगळं घरातलंच!

मागच्या साइटवर ब्रेसिंग अर्धवट असताना कोणीतरी "झालंय, सोडा" म्हणालं होतं. ताण सुटले, वारा आला, चौकट आडवी झाली. तिच्यावर हे होते. मोडलेला पाय जुळला, पण त्यानंतर हे वर म्हणून चढले नाहीत. खाली उभं राहून, मान मोडेस्तोवर वर बघत काम करून घ्यायचे.

दुपारी ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, क्रेन नुसती उभी आहे. आज ताण सुटले नाहीत, तर उद्यापासून सही करायला दुसरा माणूस आणतो. वाईट वाटतं, पण इलाज नाही."

हे काम हातचं गेलं असतं, तर यांनी परत साइटचं तोंड बघितलं नसतं.

मी तरातरा यांच्याकडे गेले. "अहो, वारा किती आहे?"

"चार."

"उचल थांबवायची मर्यादा?"

"सेकंदाला नऊ मीटर. विचारतेस काय, मीच ठरवलीय."

"ओळंबा बरोबर आल्यावर बोल्ट आवळले?"

"आधी सगळे पान्याने बसवून घेतले. ओळंबा जुळल्यावर टॉर्क पान्याने पक्के केले, मधून कडेकडे. रंगाची खूण पण आहे."

"मग घोडं अडलंय कुठे?"

हे हळूच म्हणाले, "तेव्हाही सगळे झालंय म्हणत होते गं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण मऊ बोलून हा माणूस हलणार नव्हता. मी मेथड स्टेटमेंट, म्हणजे उभारणी कशी करायची ते लिहिलेला कागद, पुढे धरलं. "वाचा. 'ताण सोडण्यापूर्वी उभारणीप्रमुखाने ब्रेसिंग आणि बोल्ट वर जाऊन स्वतः पाहावेत.' स्वयंपाकघरात बसून तुम्हीच सांगितलंत, मी फक्त टाइप केलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावेत असं नाही लिहिलेलं."

"तू पण ना!" हे म्हणाले. कागदाकडे बघत राहिले. मग ब्रेसिंग बसवणाऱ्या माझ्या दिराला हाक मारली, "धाकट्या, बेल्ट आण."

माणसं वर नेणाऱ्या लिफ्टची बास्केट यांना घेऊन निघाली तेव्हा यांनी डोळे मिटले होते. कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मी खाली उभी राहून चेहरा दगडासारखा ठेवला. राफ्टरशी, म्हणजे चौकटीच्या वरच्या तिरप्या तुळईशी पोचल्यावर यांनी डोळे उघडले. एकेक खूण बोटाने चाचपत बास्केट पुढे सरकत गेली. पार पलीकडच्या कोपऱ्यात थांबली.

"अरे ए गाढवा!"

अख्खी साइट दचकली. माझा दीर तर जागच्या जागी खिळला.

"ही सळई काय कपडे वाळत घालायला लावलीस? सळई ताणायचं टर्नबकल हाताने फिरतंय! खालचे ताण धरून आहेत म्हणून ओळंबा बरोबर येतोय, कळलं का? पाना पाठव वर!"

"दादा, चुकलं, पर्लिनच्या आड राहिलं..."

"चुकलं म्हणे! आईला सांगतो घरी गेल्यावर!"

पोरं फिदीफिदी हसली. मी मात्र तोंड फिरवून रडले. किती दिवसांनी हा आवाज वरून आला होता! घरात अगदी हळू, पाहुण्यासारखं बोलायची सवय लागली होती यांना.

सळई आवळून झाली, ओळंबा पुन्हा लावला. या खेपेला मी चकार शब्द काढला नाही. मग यांनी वरूनच सांगितलं, "समोरासमोरचे दोन ताण थोडे थोडे सैल करा. एकदम नाही. ओळंब्यावर नजर ठेव गं तू."

दोर सैल पडले. ओळंबा जागचा हलला नाही. पुढची जोडी, मग तिच्या पुढची. शेवटचा दोर मातीवर पडला तसा ठेकेदाराने सुटकेचा निःश्वास सोडला आणि क्रेनवाल्याला हात केला.

बास्केट खाली आली. मी सहीचा कागद पुढे केला. यांनी बास्केटच्या कठड्यावरच टेकवून सही ठोकली आणि कागद माझ्या हातात कोंबला.

"उतरता ना?" मी विचारलं.

"उतरून काय करू? तिसरी चौकट पर्लिनने या गाळ्याला बांधल्याशिवाय क्रेनचा हुक सोडायचा नाही. ते कोण बघणार, तू?" आणि बास्केटवाल्याला म्हणाले, "चल रे, वर घे."