साठ्याचा आकडा

निवृत्त झाल्यावरही गल्लीत सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत आणि ते ओ देत, खरी गोम तिथेच होती. बायको पुढच्या खोलीत मशीनवर चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायची. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तिची विक्रेती म्हणून नोंदणी करायचं साहेबांनीच मनावर घेतलं. पॅन तिचा, बँक खातं तिचं, ओटीपीही तिच्याच मोबाइलवर. ती मशीन थांबवून आकडे वाचून दाखवायची, की पुन्हा खडखड सुरू.

नोंदणी झाली. मग अभ्र्यांचं कापड, माप, दर भरता भरता ‘उपलब्ध साठा’ आला. कपाटात होते साठ. पण साठ लिहायला साहेबांचा हात धजेना. एवढ्याशा साठ्याला कोण कुत्रं विचारतंय? त्यांनी ठोकून दिलं, सहाशे. पोहोचवायची मुदत, पंधरा दिवस. बायकोला विचारावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

एका रुग्णालयाने सहाशेच्या सहाशे मागवले. ऑर्डर पडली की करार झालाच. ‘बघून सांगतो’ तिथे चालत नाही. आणि परवा बायको लेकीकडे निघायची होती. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलेलं.

साहेबांनी जिन्यात जाऊन रुग्णालयाच्या भांडारपालाला फोन लावला.

“साठा नव्हता तर दाखवलात कशाला?” तो म्हणाला. “रद्द करायची विनंती टाका. पण कारण मी खरं तेच लिहिणार. ते विक्रेत्याच्या नावावर राहील.”

विक्रेता म्हणजे बायको. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईचं कधी एक माप चुकलं नव्हतं, आणि तिच्या नावाला पहिला डाग लागणार तो नवऱ्याच्या बढाईचा.

शेवटी त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. तिने कपाट उघडून अभ्रे मोजायला घेतले.

“बाहेर कुणाला तरी शिवायला देऊ,” ते म्हणाले.

“कुणाला? सगळ्याजणी शाळेच्या गणवेशांत बुडाल्यात.”

“मग रद्दच करतो. तू जा लेकीकडे.”

“आणि खोटारडी म्हणून नाव कुणाचं लागेल? माझंच ना? अहो, एकदा विचारायचं तरी होतं मला.”

तिने मोबाइल उचलून लेकीला लावला.

“अगं, मला नाही गं जमणार यायला. मोठं काम आलंय.”

पलीकडचं रडणं साहेबांना दारातून ऐकू येत होतं. काम मोठं की मी, असं लेक विचारत होती.

“मीच घेतलं,” बायको म्हणाली. “हो, माझ्याच हौसेनं. बाबांना कशाला मध्ये आणतेस? ते तर जा म्हणत होते.”

साहेबांनी त्या क्षणी फोन मागून घ्यायला हवा होता. त्यांना ते कळत होतं. पण त्यांनी हात पुढे केला नाही.